शोध, नाती आणि वेळ

2004 साली शाय बॅनन हे इस्रायली प्रोग्रामर लंडनमध्ये होते. पत्नी ल कॉर्दों ब्लू या पाककला विद्यालयात शिकत होती आणि त्यांना अजून नोकरी मिळाली नव्हती. पत्नीच्या पाककृतींचा साठा वाढत चालला होता. त्यातून हवी ती कृती चटकन सापडावी म्हणून त्यांनी एक शोधयंत्र लिहायला घेतलं. त्या कामातून कंपास नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं, ते पुन्हा नव्याने लिहिताना इलॅस्टिकसर्च जन्मलं आणि फेब्रुवारी 2010 मध्ये त्याची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी मोफत खुली झाली. पुढच्या दहा वर्षांत याच इलॅस्टिकसर्चवरून ॲमेझॉन आणि बॅनन यांची कंपनी यांच्यात संगणकक्षेत्रातला एक मोठा वाद पेटणार होता.

पाककृती शोधण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर का लागावं? डेटाबेस तर तेव्हाही होते. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे बँका, विमान कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांचा कारभार टेबलांवर चालू लागला. टेबलाची ताकद नेमकेपणात आहे. खाते क्रमांक द्या, शिल्लक मिळेल. पण ‘ज्यात वांगी आणि शेंगदाणे दोन्ही आहेत अशा कृती दाखव, सगळ्यात जवळची सगळ्यात वर’ असं विचारलं की टेबल अडखळतं. मजकुराच्या मधला शब्द शोधायचा तर त्याला प्रत्येक ओळ उघडून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. शंभर ओळींना ते चालतं, दहा कोटींना चालत नाही. शिवाय सापडलेल्यांपैकी कोणती अधिक जवळची, हे टेबलाला ठाऊकच नसतं.

यावरचा उपाय पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखा आहे. तिथे पानावर कोणते शब्द आहेत हे लिहिलेलं नसतं, शब्द कोणत्या पानांवर आहे हे लिहिलेलं असतं. या उलट्या सूचीला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. ‘वांगी’ पुढे 3, 17, 42, 90 असे कृतींचे क्रमांक आणि ‘शेंगदाणे’ पुढे 8, 17, 55, 90. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावलेल्या असल्याने त्या शेजारी ठेवून एका दमात पुढे सरकता येतं, आणि 17 व 90 हे उत्तर मूळ मजकूर न उघडताच हाती येतं. क्रम लावण्याचं गणित केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडलेल्या एका साध्या निरीक्षणावर उभं आहे: जो शब्द थोड्याच लेखांत येतो, त्याला वजन जास्त. ‘मीठ’ जवळजवळ प्रत्येक कृतीत असतं, म्हणून ते सापडल्याने फारसं काही कळत नाही. ‘तिरफळ’ मोजक्याच कृतींत असतं, म्हणून ते सापडलं की कळतं.

ही यंत्रणा बॅनन यांनी शून्यातून बांधली नाही. डग कटिंग यांनी 1999 साली ल्युसीन नावाची लायब्ररी खुली केली होती (हे त्यांच्या पत्नीचं मधलं नाव), आणि इन्व्हर्टेड इंडेक्सचं सगळं अवघड काम ल्युसीन करत होती. पण ल्युसीन ही जावा प्रोग्रामच्या पोटात बसणारी, एका यंत्रावर चालणारी चीज होती. बॅनन यांनी तिच्याभोवती दोन गोष्टी उभ्या केल्या. एक म्हणजे कुठल्याही भाषेतल्या प्रोग्रामला साध्या वेब विनंतीने बोलता येईल असं दार. दुसरी म्हणजे इंडेक्सचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर पसरवण्याची सोय. या तुकड्यांना शार्ड म्हणतात, आणि प्रत्येक शार्ड हा आतून एक स्वतंत्र ल्युसीन इंडेक्स असतो.

मराठी वाचकाला इथली एक अडचण लगेच जाणवेल. ‘वांगी’ शोधणाऱ्याला ‘वांग्याचं भरीत’ सापडायला हवं. पण यंत्राच्या लेखी ‘वांगी’ आणि ‘वांग्याचं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून मजकूर इंडेक्समध्ये जाण्याआधी ॲनालायझर नावाच्या चाळणीतून जातो. तो शब्द सुटे करतो, प्रत्यय काढतो, रूपं एकसारखी करतो. इंग्रजीसाठी ही चाळणी तयार मिळते. मराठीत सामान्यरूप आणि विभक्ती यांमुळे एकाच नामाची डझनभर रूपं होतात, आणि ती नीट सोडवली नाहीत तर कितीही महागडं क्लस्टर भाड्याने घेतलं तरी शोध अर्धवटच राहतो.

इलॅस्टिकसर्च पसरलं मात्र पाककृतींमुळे नव्हे, सर्व्हरच्या लॉगमुळे. वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येक यंत्रावर दर क्षणाला नोंदी लिहिल्या जातात, आणि काही बिघडलं की त्या कोट्यवधी ओळींतून एक चूक शोधायची असते. जॉर्डन सिसेल यांचं लॉगस्टॅश या नोंदी गोळा करायचं, रशीद खान यांचं किबाना त्या आलेखांत दाखवायचं आणि मधे इलॅस्टिकसर्च. 2012 मध्ये ॲमस्टरडॅमला बॅनन यांची कंपनी, पुढची इलॅस्टिक, स्थापन झाली आणि ही तिन्ही सॉफ्टवेअर पुढे तिच्याच छत्राखाली आली.

वापर वाढला तशी दुखणीही वाढली. सगळ्यात वाईट दुखणं स्प्लिट ब्रेन. क्लस्टरमध्ये एक नोड मुख्य असतो आणि कोणता शार्ड कुठे आहे याचा हिशोब तोच ठेवतो. समजा दोन नोड आहेत आणि त्यांच्यातली जोडणी क्षणभर तुटली. दोघांनाही वाटतं की दुसरा मेला. दोघंही स्वतःला मुख्य घोषित करतात आणि दोघंही नव्या नोंदी घेऊ लागतात. जोडणी परत आली की दोन वेगळे इतिहास समोरासमोर उभे राहतात आणि त्यातला एक टाकून द्यावा लागतो. यावर बंदोबस्त म्हणून एक सेटिंग होतं:

```
discovery.zen.minimum_master_nodes: 2
```

मुख्य निवडायला किमान इतके नोड एकमेकांना दिसले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. तीन पात्र नोड असतील तर आकडा 2, पाच असतील तर 3, म्हणजे नेहमी निम्म्याहून जास्त. हा आकडा माणसाने हाताने लिहायचा होता. क्लस्टर तीनवरून पाचवर नेताना तो बदलायचा राहिला की दोन विरुद्ध तीन अशी फाळणी पुन्हा शक्य व्हायची, आणि ती प्रत्यक्ष घडेपर्यंत कुणाला कळायचंही नाही. 2014 मध्ये काइल किंग्सबरी यांनी आपल्या जेप्सन चाचण्यांत इलॅस्टिकसर्चची जोडणी मुद्दाम तोडून पाहिली, तेव्हा ‘मिळाली’ अशी पोच दिलेल्या नोंदीही हरवत असल्याचं दिसलं. 2019 च्या 7.0 आवृत्तीत हे सेटिंगच काढून टाकलं आणि बहुमताचा हिशोब सॉफ्टवेअर स्वतः ठेवू लागलं.

मधल्या वर्षांत ज्यांच्याकडे रात्री उठून क्लस्टर सावरणारी माणसं नव्हती, त्यांना ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी सोपवायची होती. मॅनेज्ड सर्व्हिस म्हणजे हेच. यंत्रं, सॉफ्टवेअर बसवणं, मेलेला नोड बदलणं, बॅकअप, सुरक्षेच्या दुरुस्त्या हे सगळं सेवा देणारा पाहतो आणि ग्राहक तासाप्रमाणे पैसे मोजतो. ॲमेझॉनने 2009 मध्ये रिलेशनल डेटाबेससाठी अशी सेवा आणली होती. 1 ऑक्टोबर 2015 रोजी त्यांनी ॲमेझॉन इलॅस्टिकसर्च सर्व्हिस सुरू केली. बॅनन यांची कंपनीही त्याच वर्षी फाउंड ही नॉर्वेजियन कंपनी विकत घेऊन याच धंद्यात उतरली होती.

सेवा घेतली म्हणून ग्राहकाचे सगळेच निर्णय सुटत नाहीत, हे पुष्कळांना नंतर कळलं. शार्डची संख्या हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. एखादी नोंद कोणत्या शार्डमध्ये जाईल हे तिच्या ओळख-क्रमांकाचा हॅश काढून, त्याला शार्डच्या संख्येने भागून, उरलेल्या बाकीवरून ठरतं. संख्या बदलली की बाकी बदलते आणि जुन्या नोंदी सापडेनाशा होतात. म्हणून मूळ शार्डची संख्या इंडेक्स तयार करतानाच ठरवावी लागते. 7.0 च्या आधी, काहीच न सांगितलं तर ही संख्या पाच असायची.

आता एक छोटी कंपनी घेऊ. तिचे लॉग दिवसाला 20 जीबी, दर दिवसाचा वेगळा इंडेक्स, 30 दिवसांचा साठा, प्रत्येक शार्डची एक जादा प्रत. पाच शार्ड, त्यांच्या प्रती धरून दहा, गुणिले तीस दिवस, म्हणजे 300 शार्ड, आणि प्रत्येकात जेमतेम 4 जीबी. एका शार्डमध्ये 10 ते 50 जीबी असावेत असा सर्वसाधारण सल्ला असतो, कारण प्रत्येक शार्ड रिकामा असो वा भरलेला, तो मेमरी खातोच. या कंपनीला दिवसाला एक शार्ड पुरला असता, म्हणजे प्रतींसह एकूण 60. चुकीची लक्षणं हळूहळू दिसतात: मेमरीचा दाब चढत जातो, शोध रेंगाळतात, आणि एक दिवस नोड पडला की क्लस्टरचा रंग हिरव्याचा पिवळा होतो आणि बराच वेळ तसाच राहतो. सेवेत पडलेला नोड आपोआप बदलला जातो, पण तीनशेचे साठ कुणी करून देत नाही.

आणि मग तो वाद. इलॅस्टिकसर्च अपाचे लायसन्सखाली होतं. कुणीही ते घ्यावं, बदलावं, विकावं, सेवा म्हणून चालवावं, अशी त्यात सरळ मुभा होती. ॲमेझॉनने तेच केलं. बॅनन यांच्या कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही घडवलेल्या वस्तूवर दुसरा कमावतो आहे, शिवाय आमचं नाव वापरून. मार्च 2019 मध्ये ॲमेझॉनने ओपन डिस्ट्रो नावाचा स्वतःचा संच काढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इलॅस्टिकने कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात नाममुद्रेचा दावा दाखल केला. 14 जानेवारी 2021 रोजी कंपनीने जाहीर केलं की पुढच्या 7.11 आवृत्तीपासून अपाचे लायसन्स बंद. त्याच्या जागी आलेल्या दोन लायसन्सपैकी एक होतं मोंगोडीबीने 2018 मध्ये लिहिलेलं एसएसपीएल. जो हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकेल त्याने ती सेवा चालवणारं आपलं सगळं सॉफ्टवेअरही खुलं करावं, अशी त्याची अट आहे. कोणतीही क्लाउड कंपनी हे मान्य करणार नव्हती, आणि अट घालण्यामागचा हेतूही तोच होता.

ॲमेझॉनने अपाचे लायसन्स असलेली शेवटची आवृत्ती, 7.10.2, उचलली आणि तिथून वेगळी वाट काढली. एप्रिलमध्ये नाव जाहीर झालं ओपनसर्च, जुलै 2021 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि सप्टेंबरमध्ये सेवेचंही नाव बदललं. नाममुद्रेचा दावा फेब्रुवारी 2022 मध्ये मिटला. या भांडणात दोन प्रश्नांची गल्लत फार झाली. सॉफ्टवेअर चालवून पैसे मिळवण्याची परवानगी लायसन्सनेच दिली होती, त्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. नाव वापरण्याची परवानगी मात्र लायसन्सने दिलेली नव्हती, आणि तिथे इलॅस्टिकची बाजू भक्कम होती. ऑगस्ट 2024 मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल हे मान्यताप्राप्त खुलं लायसन्स पुन्हा पर्याय म्हणून दिलं, आणि पुढच्याच महिन्यात ओपनसर्चचा कारभार लिनक्स फाउंडेशनकडे गेला. आता दोन वाटा आहेत, दोन्ही खुल्या, दोन्ही ल्युसीनवर उभ्या, आणि वर्षागणिक एकमेकींपासून थोड्या थोड्या दूर जाणाऱ्या.

टेबलाला न झेपणारा दुसरा प्रश्न नात्यांचा, आणि त्यासाठी आलेल्या ग्राफ डेटाबेसच्या कहाणीत मुंबई आहे, तीही विमानातून. 2000 साली स्वीडनचे एमिल आयफ्रेम मुंबईला येत असताना त्यांनी विमानातल्या एका कागदी रुमालावर एक आकृती काढली, असं निओफोरजे ही त्यांची कंपनी सांगते. त्या आकृतीत टेबलं नव्हती. गोल होते आणि गोलांना जोडणाऱ्या नाव दिलेल्या रेषा होत्या, आणि दोघांनाही स्वतःची माहिती जोडता येत होती. तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी एक मोठी आशय-व्यवस्थापन प्रणाली रिलेशनल डेटाबेसवर चालवायच्या खटपटीत होते. कुणाला कोणती फाइल दिसावी हे गटात गट, त्यात उपगट, अशा नात्यांवरून ठरायचं, आणि प्रत्येक पायरीला टेबलांचा एक जॉइन वाढायचा.

नेमकी अडचण जॉइनमध्येच आहे. टेबलात नातं साठवलेलं नसतं. ते विचारताना दोन स्तंभांतले आकडे जुळवून दर वेळी नव्याने शोधावं लागतं. निओफोरजेमध्ये नातं ही स्वतःच एक नोंद असते. प्रत्येक गोलाच्या नोंदीत त्याच्या पहिल्या रेषेचा पत्ता असतो आणि प्रत्येक रेषेत पुढच्या रेषेचा. नोंदी ठरावीक लांबीच्या असल्याने क्रमांकाला लांबीने गुणलं की फाइलमधली जागा मिळते, शोधायचं काही उरत नाही. वूकोटिच आणि पार्टनर यांनी निओफोरजेवरच्या आपल्या पुस्तकात एक तुलना दिली आहे: दहा लाख माणसं, प्रत्येकाचे साधारण 50 मित्र. मित्रांचे मित्र शोधताना मायएसक्यूएल आणि निओफोरजे यांच्यात नाव घेण्यासारखा फरक नाही. तिसऱ्या पायरीला मायएसक्यूएलला 30 सेकंद लागले, निओफोरजेला सेकंदाचा सहावा भाग. चौथ्या पायरीला मायएसक्यूएलला 1543 सेकंद, म्हणजे पंचवीस मिनिटांहून जास्त, आणि निओफोरजेला सुमारे 1.4 सेकंद. ही तुलना ग्राफच्या बाजूच्या लोकांनी केलेली आहे हे लक्षात ठेवूनही त्यातला कल खरा आहे: दोन पायऱ्यांपर्यंत टेबल पुरतं, तिथून पुढे नाही.

हे जगाला दिसलं ते एप्रिल 2016 मध्ये. पनामातल्या मोसॅक फोन्सेका या कायदा कंपनीची 1 कोटी 15 लाख कागदपत्रं, एकूण 2.6 टीबी, म्युनिकच्या झ्युडडॉइचे त्सायटुंग या वृत्तपत्राच्या हाती लागली होती. त्यांनी ती शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला, आयसीआयजेला दिली, आणि 370हून अधिक पत्रकार त्यावर कामाला लागले. भारतातून त्यात इंडियन एक्स्प्रेस होतं. मार कॅब्रा यांच्या नेतृत्वाखालच्या डेटा विभागाने क्लाउडमध्ये तात्पुरती तीस-चाळीस यंत्रं भाड्याने घेऊन स्कॅन केलेल्या पानांतून अक्षरं काढली आणि ती सोलर या शोधयंत्रात घातली. सोलरही ल्युसीनवरच चालतं. त्यामुळे पत्रकार आपल्या देशातल्या नेत्यांची, उद्योजकांची नावं टाकून कागद काढू शकले.

पण नाव सापडणं हा पहिला टप्पा. या धंद्यात खरा मालक मुद्दामच समोर नसतो. कागदावर कंपनी असते, तिची भागधारक दुसरी कंपनी, तिचा संचालक भाड्याचा माणूस, आणि चार दुवे मागे कुठेतरी ते नाव. आयसीआयजेने कंपन्या, माणसं, मध्यस्थ आणि पत्ते निओफोरजेमध्ये भरले आणि लिंक्युरियस या साधनाने ते आकृतीत दाखवले. अशा ठिकाणी प्रश्न साधारण असा दिसतो:

```
MATCH p = (o:Officer)-[*1..4]-(e:Entity)
WHERE o.name = 'X'
RETURN p
```

X या माणसापासून चार रेषांच्या आत जेवढ्या कंपन्या येतात, त्या वाटांसकट दाखव, एवढंच त्यात म्हटलं आहे. रेषा कोणत्या प्रकारची हे आधी ठाऊक असायची गरज नाही. टेबलांवर हेच लिहायचं तर नात्यांचा प्रत्येक संभाव्य क्रम आधी कल्पून ठेवावा लागतो, आणि शोधपत्रकाराला नेमकं तेच माहीत नसतं.

इथे एक सापळाही आहे. एका मध्यस्थाच्या एकाच पत्त्यावर हजारो कंपन्या नोंदलेल्या असतात. वाट त्या पत्त्यातून गेली की दोन पायऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला दिसतो, आणि प्रश्न मिनिटांमागून मिनिटं संपत नाही. अशा गोलाला सुपरनोड म्हणतात. उपाय म्हणजे प्रश्नातच रेषांचे प्रकार बांधून देणं किंवा पत्ता वगळणं, आणि ते ठरवायला माहिती ओळखणारा माणूस लागतो.

नोव्हेंबर 2017 मध्ये ॲमेझॉनने नेपच्यून ही ग्राफ सेवा जाहीर केली आणि मे 2018 मध्ये ती सर्वांना उपलब्ध झाली. 2019 मध्ये निओफोरजेनेही ऑरा ही स्वतःची सेवा काढली. नेपच्यून प्रत्येक नोंदीच्या सहा प्रती तीन वेगवेगळ्या केंद्रांत ठेवतं, वाचनासाठी पंधरापर्यंत यंत्रं जोडता येतात, पण लिहिणारं यंत्र एकच. हा कंजूषपणा नाही. शोधाचा इंडेक्स कुठेही कापला तरी चालतो, कारण एक लेख दुसऱ्यावर अवलंबून नसतो. ग्राफ कुठेही कापला तरी काही रेषा तुटतात, आणि मग प्रत्येक उडी एका यंत्रातल्या पत्त्यावरून न होता नेटवर्कवरून होते. ज्या वेगासाठी ग्राफ घेतला तोच तिथे हरवतो.

काळाच्या नोंदींचा प्रश्न वेगळ्याच जातीचा. तापमान, वीज, सर्व्हरचा भार, शेअरचा भाव: इथे लेखन प्रचंड, जुनी नोंद सहसा बदलत नाही, नवी नेहमी शेवटी येते, आणि विचारणारा बहुतेक वेळा ताज्या नोंदीच विचारतो. टोबियास ओटिकर यांच्या 1999 च्या आरआरडीटूलने ठरावीक आकाराची फाइल ठेवून यातून मार्ग काढला होता. ताज्या नोंदी बारीक, जुन्यांची सरासरी, आणि जागा भरली की सगळ्यात जुन्यावर पुन्हा लेखन.

फेसबुकला एवढं पुरत नव्हतं. त्यांच्या यंत्रांवर लक्ष ठेवणारी मोजमापं मिनिटाला सुमारे सत्तर कोटी इतकी येत होती आणि डिस्कवरून ती वाचायला वेळ लागत होता. सर्व्हर आजारी पडला आहे हे उशिरा कळून उपयोग नसतो. त्यांच्या पाहणीत निदान 85 टक्के प्रश्न गेल्या 26 तासांबद्दलच निघाले. म्हणून त्यांनी गोरिला नावाचा डेटाबेस लिहिला. तो 26 तासांचा सगळा साठा मेमरीतच ठेवायचा, आणि 2015 च्या शोधनिबंधात त्यांनी ते कसं जमवलं हे उघड सांगितलं.

एका नोंदीत दोन आकडे असतात, वेळ आणि मूल्य, प्रत्येकी 8 बाइट, एकूण 16. समजा मोजमाप दर मिनिटाला होतं: 10:00:00, 10:01:00, 10:02:00, 10:03:01. पूर्ण वेळ लिहिण्याऐवजी फक्त अंतरं लिहू: 60, 60, 61. आता अंतरांमधला फरक लिहू: 0, 1. घड्याळ नियमित असेल तर ही रांग जवळजवळ सगळी शून्यांचीच होते, आणि शून्यासाठी एक बिट पुरतो. फेसबुकच्या माहितीत 96 टक्के वेळा अशाच एका बिटात मावल्या. मूल्यांसाठीही तीच दृष्टी. आधीच्या आकड्याशी बिटवार तुलना करायची आणि जेवढे बिट वेगळे निघतील तेवढेच लिहायचे. निम्म्याहून जास्त मूल्यं आधीसारखीच निघाली, तिथेही एक बिट. सरासरी 16 बाइटची नोंद 1.37 बाइटमध्ये बसली. आज प्रोमिथियस आणि त्याच्यासारखी अनेक साधनं याच युक्तीच्या आधारावर आपल्या नोंदी दाबून ठेवतात.

या युक्तीची मर्यादा तिच्या गृहीतकातच आहे: एक मालिका लांब असावी. मालिकेची ओळख तिच्या टॅगवरून ठरते. 200 सर्व्हर, प्रत्येकावर 10 मोजमापं, म्हणजे 2000 मालिका, आणि सगळं आरामात चालतं. मग कुणीतरी टॅगमध्ये ग्राहकाचा क्रमांक घालतं. ग्राहक एक लाख असतील तर शक्य मालिका होतात 20 कोटी, आणि प्रत्येकीत नोंदी मोजक्याच. दाबायला सलग काही उरत नाही, मालिकांची सूचीच मेमरी व्यापते, आणि लेखन अडू लागतं. याला कार्डिनॅलिटीचं दुखणं म्हणतात. ओळखायची खूण अशी की येणाऱ्या नोंदी तेवढ्याच असतात, मेमरी मात्र रोज चढत राहते. ग्राहकाचा क्रमांक टॅगमधून काढून लॉगमध्ये, म्हणजे शोधाच्या डेटाबेसमध्ये न्यायचा, हा त्यावरचा उपाय.

2013 मध्ये पॉल डिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्फ्लक्सडीबी खुलं केलं आणि ते झपाट्याने पसरलं. ॲमेझॉनने इथे शोधसेवेपेक्षा वेगळा मार्ग धरला. दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर न घेता त्यांनी स्वतःचं इंजिन बांधलं. नोव्हेंबर 2018 मध्ये टाइमस्ट्रीम जाहीर झालं, पण ग्राहकांच्या हाती पडायला 30 सप्टेंबर 2020 उजाडला. ताज्या नोंदी मेमरीत, जुन्या स्वस्त चुंबकीय साठ्यात, आणि एकीकडून दुसरीकडे त्या आपोआप सरकणार. यंत्र किती मोठं घ्यायचं हा प्रश्नच ग्राहकापुढे नव्हता. लिहिलं किती, ठेवलं किती आणि प्रश्नाने चाळलं किती, यावर बिल. मात्र इंजिन खुलं नव्हतं, त्यामुळे ते ॲमेझॉनबाहेर कुठेही चालत नव्हतं.

मार्च 2024 मध्ये ॲमेझॉनने टाइमस्ट्रीमच्या नावाखालीच इन्फ्लक्सडीबीची सेवा सुरू केली, या वेळी इन्फ्लक्सडेटा या मूळ कंपनीशी हातमिळवणी करून. स्वतःच्या जुन्या इंजिनाला तेव्हा लाइव्हअ‍ॅनालिटिक्स असं वेगळं नाव मिळालं. 20 जून 2025 पासून त्या इंजिनासाठी नवे ग्राहक घेणं बंद झालं. जुन्यांची सेवा चालू आहे आणि UNLOAD या आज्ञेने त्यांना आपला साठा एस-थ्रीमध्ये उतरवून घेता येतो. पण त्यांच्या आलेखांमागचे प्रश्न bin(time, 5m) आणि ago(1h) अशा फलनांनी लिहिलेले आहेत. ही रूपं त्याच इंजिनाची आहेत, त्यामुळे साठा कुठेही नेला तरी प्रत्येक आलेखाचा आणि प्रत्येक धोक्याच्या सूचनेचा प्रश्न हाताने पुन्हा लिहावा लागतो. 2021 मध्ये इलॅस्टिकसर्चचे ग्राहक ओपनसर्चवर गेले तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतांशी जसेच्या तसे चालले होते, कारण त्या इंजिनाचा 7.10.2 पर्यंतचा सगळा कोड खुल्या लायसन्सखाली उपलब्ध होता.